आठ बोटं

नवऱ्याचा मी काढलेला शेवटचा फोटो माझ्याकडे आहे, पण त्यात नवरा दिसत नाही. दिसतं ते घोंगडं. तो त्याच्या मागे उभा आहे, दोन्ही हात वर करून. वरच्या काठावरून पुढे आलेली त्याची आठ बोटं तेवढी दिसतात आणि खाली चपला. डाव्या हाताच्या एका बोटाचं नख काळं पडलंय, कारण आदल्या आठवड्यात ते टेम्पोच्या दारात सापडलं होतं.

म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर, अंगणात काढलेला हा फोटो. आमच्याकडे घोंगडं दाखवायची रीत अशीच. गिऱ्हाईक आलं की घरातला कुणीतरी मागे उभा राहून ते ताठ धरतो. दोरीवर टाकायचं नाही. दोरीवर ते स्वतःच्या वजनानं झोळीसारखं लोंबतं आणि वीण कळत नाही, असं माझे सासरे, मामा, म्हणतात. ते विणकर. मेंढरं सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत होती, नंतर माग तेवढा राहिला.

त्या दिवशी फोन माझ्या हातात होता. नवरा घोंगड्यामागून ओरडत होता, "झालं का? हात भरून आले. मी दिसतोय का?"

"नाही रे, नुसती बोटं दिसतायत. हलू नकोस."

त्यानंतर चार महिन्यांनी तो मिरजेला दवाखान्यात गेला. कावीळ होती. अकरा दिवसांत संपलं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही, कारण लिहायला काही सापडत नाही. दवाखान्याच्या जिन्याला निळा रंग होता एवढं आठवतं.

मी रडले नाही. यावर लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं. कुणी म्हणालं धक्का बसलाय, कुणी म्हणालं शिकलेल्या बायका अशाच. चुलत जावेनं तर मला ऐकू जाईल अशा बेतानं ‘दगुड हाय दगुड’ म्हटलं. मला तिचा रागसुद्धा आला नाही, आणि राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. तेराव्यानंतर मी सांगलीला परतले आणि कामाला लागले.

मी सांगलीत एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, हळदीच्या पिशव्या, बेदाण्याचे खोके. अलीकडे वेबसाइटीही करतो. मालक भला माणूस, पण घाईचा. त्याचं ब्रीदवाक्य एकच : ‘लोक एवढं बघत नाहीत.’

वर्षभरानं आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या बचत गटात बाया लोकर कातायच्या आणि मामा विणायचे.

"आमाला ते वेबसाइट का काय ते करून दे," त्या म्हणाल्या. "गटाच्या बाया मागं लागल्यात."

"आत्या, पण मामा विणतायत कुठं?"

मुलगा गेल्यापासून मामा मागावर बसले नव्हते. माग खड्ड्याचा, म्हणजे जमिनीत पाय सोडून बसायचा. त्या खड्ड्यावर त्यांनी फळी टाकली होती आणि फळीवर पेंडीचं पोतं ठेवलं होतं.

आत्या म्हणाल्या, "त्यासाटीच तर. आपल्या मनानं बसायचं न्हाईत ते. पर मागणी आली, कुणी इसाराचं पैसं पाठिवलं, तर न्हाई म्हणायचं न्हाईत. सबूद मोडत न्हाईत ते कुणाचा. माग सुरू झाला पायजे बग. न्हाईतर ह्यो माणूस आसाच कोपऱ्यात बसून जायचा."

तर वेबसाइट नव्हे, मामांना त्या खड्ड्यात पुन्हा उतरवायचं होतं. मी हो म्हटलं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे हो म्हणणं सोपं होतं.

घरात विणलेलं एकही घोंगडं उरलं नव्हतं. फोटोतलं ते, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ जावळाचं, पूजेला लागतं तसं, म्हसवडच्या यात्रेत विकलं गेलं होतं. मामांनी विणलेलं सगळ्यात चांगलं तेच. म्हणजे फोटो तोच वापरायचा.

पानं सतरा होणार होती. पहिलं पान भंडाऱ्यासारखं पिवळं, मागणी नोंदवायचं पांढरं, घोंगडं कसं धुवायचं आणि कसं जपायचं त्याचं हिरवट, अशी रंगारंगाची. त्या प्रत्येकावर घोंगडं दिसायला हवं. अशा वेळी वस्तूचं एकच चित्र तयार करतात. त्यात वस्तू सोडून काही नसतं. भोवतीचा भाग पारदर्शक, म्हणजे खरोखर रिकामा. मग ते पिवळ्यावर ठेवलं की मागे पिवळं दिसतं, हिरव्यावर हिरवं. फाईल एकच. ती बदलली की सतराही पानांवर एकदम बदलते.

पूर्वी मी वस्तूची कड माउसनं ठिपके टाकत हातानं कापायची. बेदाण्याच्या खोक्याला ते ठीक. घोंगड्याच्या कडेला लोकरीचे केस असतात, ते हातानं कापले की घोंगडं न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं. म्हणून मी एआयला सांगायचं ठरवलं. मराठीतच लिहिलं : ‘या फोटोतलं घोंगडं वेगळं काढ. बॅकग्राउंड पारदर्शक ठेव.’

आलेलं चित्र बघून मालक खूश झाला. घोंगड्याच्या मागे करड्या-पांढऱ्या चौकड्या होत्या. डिझाइनच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये ‘इथे काही नाही’ हे दाखवायला असतात, तशा. पिवळ्या पानावर ठेवलं तर चौकड्याही बरोबर आल्या. त्या चक्क रंगवलेल्या होत्या. मी ‘काही नाही’ मागितलं होतं आणि त्यानं ‘काही नाही’चं चित्र काढून दिलं होतं.

मग शोधल्यावर कळलं की नुसतं लिहून भागत नाही. पारदर्शकतेची सोय वेगळी निवडावी लागते, आणि फाईल पीएनजीच घ्यावी लागते. जेपीजीला रिकामेपण साठवताच येत नाही. ते केलं. चौकड्या गेल्या. पण खाली अंगणातली सावली राहिली, आणि कडेभोवती अंगणातल्या उजेडाची पांढुरकी रेघ. पुन्हा लिहिलं : ‘सावली नको. जमीन नको. चपला नकोत. कडेचे केस तसेच ठेव, पण त्यांच्यात मागचा रंग उतरू देऊ नको. घोंगड्याचा रंग, वीण, पट्टे यांना हात लावू नको.’

या वेळी सगळं नीट आलं. फक्त आठ बोटं राहिली.

एआयचं चुकलं असं म्हणता येत नाही. मी वस्तू कोणती हे सांगितलं होतं, वस्तू कुठे संपते हे सांगितलं नव्हतं. बोटं घोंगड्याला धरून होती, त्याला ती घोंगड्याचीच वाटली. आता मागे हात नाहीत, माणूस नाही, आणि वरच्या काठावर नुसती बोटं. पिवळ्या पानावर ते फार वाईट दिसत होतं. मालक म्हणाला, "बाई, हे भुताटकी वाटतंय. काढा."

त्याला ती बोटं कुणाची हे माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. लिहिलं : ‘आठ बोटं काढ.’

दुपार होती. मला स्वतःचीच थोडी भीती वाटली, कारण ते लिहिताना मला काहीही झालं नाही. मी दोनदा वाचून पाहिलं आणि बटण दाबलं.

बोटं गेली. त्यांच्या जागी वरच्या काठाला आठ खाचा पडल्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. बरोबरच होतं; बोटांखाली काय होतं ते फोटोत नव्हतंच. मग शेवटचं लिहिलं : ‘बोटांच्या जागी काठ आजूबाजूच्या विणीप्रमाणे सलग भरून काढ. बाकी काही बदलू नको.’

भरलं. सुरेख भरलं. मी मूळ फोटो आणि हे चित्र एकमेकांवर ठेवून, मोठं करून कोपरान्‌कोपरा ताडून पाहिला. पट्टे तेच, केस तेच, एका कोपऱ्यातली लोकरीची गाठसुद्धा तीच. फक्त बोटांच्या जागी ताडून बघायला मूळ नव्हतं. तेवढं विश्वासावर सोडलं.

सतरा पानांवर चित्र बसवलं. मालक म्हणाला, "झक्कास." मी ते आत्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि डबा खायला बसले.

पाच मिनिटांत मामांचा फोन. मुलगा गेल्यापासून त्यांनी मला स्वतःहून केलेला पहिला.

"पोरी, ह्यात घोंगडं कुटं हाय? नुस्ता अंधार हाय आन दोन पांढऱ्या दोऱ्या आडव्या दिसत्यात."

मला हसू आलं. फोटो म्हणून पाठवल्यामुळे व्हॉट्सॲपनं त्याची जेपीजी केली होती आणि रिकाम्या जागी काळं भरलं होतं. काळ्या लोकरीचं घोंगडं काळ्यात बुडालं, वर राहिल्या काठाच्या पांढऱ्या रेघा. फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला हवी होती. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेली मी, आणि घरच्यांना पाठवताना चुकले. म्हटलं, "मामा, मीच येते घेऊन. कागदावर छापून आणते."

मोठ्या कागदावर, पिवळ्या पानासकट, चांगल्या मशीनवर छापलं. रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले.

मामा ओसरीवर बसले होते. कागद मांडीवर घेतला. चष्मा लावला नाही. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख काठाच्या पट्ट्यावर ठेवलं आणि एका टोकाकडून सरकवत निघाले. त्यांच्या काठाची खूण म्हणजे दोन पांढरे धागे, मध्ये एक काळा, पुन्हा दोन पांढरे. नख सरकत सरकत थांबलं. मागे आलं. पुन्हा तिथंच थांबलं.

"ह्यो काळा धागा हितं कुटं गेला?"

मी वाकून पाहिलं. त्या ठिकाणी काळा धागा नव्हता. पाच पांढरे एकत्र झाले होते, बोटाएवढ्या रुंदीत. मग काळा पुन्हा सुरू झाला होता, जसं काही झालंच नाही.

"आन हितंबी," मामा म्हणाले. "हितंबी."

चार ठिकाणी. चारही डाव्या हाताखालची. उजव्या हाताखाली मशीननं बरोबर जमवलं होतं.

"मामा, लोकांना कळणार नाही ते." मालकाचं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"लोकांचं न्हाई म्हनत मी. ह्यो ताण्यातला धागा हाय. ताण्यातला धागा ह्या टोकाला बांदला की त्या टोकाला सुटतो. मदीच जाऊन परत येईल कसा? असं घोंगडं जगात कुनाला इनाय यायचं न्हाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय झालं हितं?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं कारणच नव्हतं. "तिथं त्यांची बोटं होती. काढायला लागली. खाली काय होतं ते मशीनला माहीत नव्हतं, त्यानं आपल्या मनानं भरलं."

"मला मूळचं दाव."

मी फोनवर तो फोटो काढून दिला. मामांना तो फोटो माहीतच नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले. दोन बोटांनी मोठा करायचा हे त्यांना ठाऊक होतं; त्यांनी तो डाव्या हाताशी मोठा केला.

"नख काळं झालंय," ते म्हणाले.

"टेम्पोच्या दारात सापडलं होतं."

"मला न्हाई सांगितलं त्यानं." एवढंच बोलून त्यांनी फोन परत दिला. कागदाची घडी घातली, तीही मला दिली. "ह्ये नगं लावू. माज्या नावावर खोटा धागा नगं."

"मग काय लावू मामा? दुसरं घोंगडंच नाही."

आत्या आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. हातातलं सूप तसंच धरलेलं. मामा उठले. माग होता त्या शेडकडे गेले. पेंडीचं पोतं हलवायचा आवाज आला, मग फळीचा. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या, शेडकडे बघत होत्या. घोंगड्याला ताठपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीनं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आवाज चढवून विचारलं, "आवं, चिंचोकं भिजत घालू का? खळीला?"

आतून उत्तर आलं, "घाल."

मी सांगलीला आले आणि ते चित्र सतराही पानांवरून काढलं. फाईल एकच होती, एका क्षणात सगळीकडून गेली. मालकाची तणतण झाली. मी म्हटलं, थांबा. का थांबायचं ते त्याला कळलं नाही, पण मी ज्या आवाजात म्हटलं तो त्याला कळला असावा.

घोंगडं व्हायला दिवस लागले. मामांचा खांदा धरला होता, आडवा धागा नेणारा धोटा पूर्वीसारखा सरसर जात नव्हता. शिवाय जावळ मिळवायला आत्यांना तीन वाड्या फिरायला लागलं. पण झालं. खळ देऊन, वाळवून, झटकून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

मी तयारीनं गेले होते. मामांना समजावून सांगितलं, "या वेळी दोन फोटो घ्यायचे. एकदा धरायचं, मग हात सरकवून पुन्हा धरायचं. म्हणजे एकात बोटांखाली झाकलेला काठ दुसऱ्यात उघडा असतो. दोन्ही फोटो मशीनला द्यायचे आणि सांगायचं, झाकलेला भाग यातून घे, मनचं घालू नको. आणि मी तपासेनही, आता ताडायला मूळ असेल."

मामांना ते लगेच पटलं. "आन भिंत मळकी हाय. तितं नगं, हिकडं उजेडात धरा."

अंगण तेच. आत्यांना फोन कसा धरायचा, कुठं दाबायचं ते दाखवलं. घोंगडं मामांच्या हातात होतं. मग सगळेच थांबलो, कारण ते धरायला माणूस नव्हता. मामांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आत्या फोन धरून होत्या.

"आणा इकडं," मी म्हटलं आणि मागे जाऊन उभी राहिले.

हात वर केले. काठ बोटांत घेतला. समोरचं अंगण, आत्या, मामा, सगळं गेलं. तोंडापुढं नुसती काळी लोकर, आणि विणीतून येणारे उजेडाचे बारीक बारीक ठिपके. वास ओल्या मेंढराचा आणि चिंचोक्याच्या खळीचा. नाकाला केस टोचत होते. घोंगडं नवं आणि खळीचं, म्हणजे जड. एका मिनिटात हात भरून आले.

त्यालाही असंच दिसलं असणार. मी समोरून ‘हलू नकोस’ म्हणत होते तेव्हा त्याला मी दिसत नव्हते. हेच ठिपके बघत तो उभा होता.

"हालू नगंस गं," आत्या समोरून म्हणाल्या.

"आत्या, मी दिसतेय का?"

"न्हाई बाई. नुस्ती बोटं दिसत्यात."

तेव्हा मी रडले. दीड वर्षाचं एकदम आलं. आवाज येऊ नये म्हणून लोकर दातात धरली. मला त्याची फार, फार आठवण येत होती, आणि ते मला कळत होतं, याचंच मला इतकं बरं वाटलं की आणखी रडू आलं. हात मात्र खाली घेतले नाहीत.

बटण वाजल्याचा आवाज आला. "झालं. ठेव आता खाली, हात दुखलं आसतील," आत्या म्हणाल्या.

"अजून एक," मी आतूनच म्हटलं. "हात सरकवते. सावकाश काढा."